तारखेच्या जागी 45356: एका तपासणी नोंदवहीचं प्रकरण

साठ उपकरणांच्या नियमित तपासणीची ही एक नोंदवही. मूळ नोंदी दुसऱ्या एका प्रणालीत राहतात. तिथून सीएसव्ही फाइल काढायची आणि ती एक्सेलमध्ये उघडायची, अशी पद्धत. A कॉलममध्ये उपकरणाचा क्रमांक, B मध्ये शेवटच्या तपासणीची तारीख, C मध्ये मुदतीचे दिवस आणि D मध्ये पुढच्या तपासणीची तारीख. D मधला फॉर्म्युला अगदी साधा, `=B2+C2`. मुदत सगळ्यांची सारखीच, १८० दिवस. या शीटचं नाव «नोंद». «सूचना» नावाच्या दुसऱ्या शीटवर D मधली तारीख उचलून एक वाक्य तयार होतं आणि ते छापून संबंधितांना जातं.

१० जून २०२४ च्या फाइलवरून बनवलेल्या वर्कबुकबद्दल तक्रार आली. B कॉलममध्ये काही तारखा नीट दिसतात, काहींचे नुसते पाच अंकी आकडे झालेत. शिवाय P-01 च्या सूचनेत «पुढील तपासणी 45536» असं छापून गेलं. तक्रार करणाऱ्याची मागणी होती की आकडे झालेल्या तारखा परत तारखा करून द्या. मागणी सरळ वाटते, पण ती चुकीच्या सेलकडे बोट दाखवते. ते का, हे पहिल्या पाच ओळींतच दिसतं. मूळ सीएसव्ही हाती नव्हती, मधला कॉलम पुढे येणाऱ्या दुरुस्तीतून काढलेला आहे:

| उपकरण | मूळ सीएसव्हीत | वर्कबुकच्या B कॉलममध्ये |
|---|---|---|
| P-01 | 03/05/2024 | 45356 |
| P-02 | 18/05/2024 | 18/05/2024 |
| P-03 | 11/04/2024 | 45600 |
| P-04 | 27/03/2024 | 27/03/2024 |
| P-05 | 05/05/2024 | 45417 |

मूळ प्रणाली तारीख आधी दिवस, मग महिना, मग वर्ष अशी लिहिते. म्हणजे P-01 ची तपासणी ३ मे २०२४ ला झाली आणि P-03 ची ११ एप्रिलला.

सेलमध्ये खरोखर काय असतं

एक्सेलकडे तारीख नावाचा वेगळा प्रकारच नाही. सेलमध्ये संख्या असते, मजकूर असतो, खरं-खोटं असतं किंवा चूक दाखवणारा संकेत असतो. तारीख ही यांपैकी संख्या आहे: दिवसांची मोजणी. १ जानेवारी १९०० हा दिवस 1, त्याच्या दुसऱ्या दिवशी 2, आणि असं मोजत गेलं की १ जानेवारी २०२४ ला 45292 येतो. त्या वर्षीचा ५ मार्च हा 45356. मोजणी ३१ डिसेंबर ९९९९ ला, 2958465 वर थांबते.

दिवसाची वेळ ही याच संख्येचा दशांश भाग. दुपारचे बारा म्हणजे अर्धा दिवस, म्हणून .5, संध्याकाळचे सहा म्हणजे .75. या वर्कबुकच्या F1 सेलमध्ये फाइल काढल्याची वेळ होती, आणि तिथे 45453.6875 दिसत होतं. 45453 म्हणजे १० जून २०२४, आणि .6875 ला २४ ने गुणलं की 16.5 येतात, म्हणजे दुपारचे साडेचार. आकड्यात काही बिघडलेलं नाही, तो अचूक आहे.

आपल्याला «10-06-2024» असं जे दिसतं ते सेलच्या फॉरमॅटमुळे. फॉरमॅट ही संख्या कशी दाखवायची याची सूचना, आणि ती संख्येपासून वेगळी साठवलेली असते. फाइलच्या पोटात पाहिलं तर हे स्पष्ट होतं. `.xlsx` ही खरं तर झिप फाइल असते. प्रतीचं नाव बदलून शेवट `.zip` केला आणि ती उघडली, तर शीटच्या फाइलमध्ये B2 आणि B3 साधारण अशा सापडतात:

```xml
<c r="B2" s="3"><v>45356</v></c>
<c r="B3" t="s"><v>7</v></c>
```

B2 मध्ये फक्त 45356 आहे. `s="3"` म्हणजे «तीन नंबरची शैली लाव», आणि ती शैली काय आहे ते दुसऱ्याच फाइलमध्ये लिहिलेलं असतं. B3 मधला `t="s"` सांगतो की हा मजकूर आहे. 7 हा त्या मजकुराचा सामायिक यादीतला क्रमांक, आणि यादीत त्या जागी `18/05/2024` ही दहा अक्षरं आहेत. एक्सेलच्या दृष्टीने त्या दहा अक्षरांचा कॅलेंडरशी काही संबंध नाही.

म्हणून शैली काढून घेतली, म्हणजे फॉरमॅट `General` केला, की B2 मध्ये 45356 उघडा पडतो आणि B3 मध्ये काहीच बदलत नाही. जी सेल आकडा दाखवते, तिच्यात तारीख आहे. जी सेल `General` केल्यावरही 18/05/2024 च दाखवत राहते, तिच्यात तारीख नाहीच. तक्रारीत आजारी ठरवलेल्या सेल या अर्थाने जिवंत होत्या, आणि धडधाकट दिसणाऱ्या सेल निर्जीव मजकूर होत्या.

आधी झटपट वगळायची शक्यता

कॉलममध्ये आकडे दिसले की पहिला प्रश्न असा: आकडे फक्त या कॉलममध्ये आहेत की शीटवरच्या सगळ्याच तारखांचे झालेत? सगळ्यांचेच झाले असतील, कॉलम अचानक रुंद झाले असतील आणि बेरजांच्या जागी `=SUM(...)` असे फॉर्म्युले दिसत असतील, तर कुणाच्या तरी हातून `Ctrl` आणि १ च्या डावीकडची `` ` `` ही कळ एकत्र दाबली गेली आहे. त्याने फॉर्म्युले दाखवण्याची अवस्था चालू होते आणि तिच्यात तारखाही मूळ संख्येच्या रूपात दिसतात. तीच जोडी पुन्हा दाबली की सगळं पूर्ववत. अशा वेळी फॉरमॅट बदलत बसलं तर काहीच हलत नाही, कारण फॉरमॅट मुळात जागेवरच असतो.

या वर्कबुकमध्ये तसं नव्हतं. D मधले फॉर्म्युले उत्तरं दाखवत होते. कॉलमचा फॉरमॅट मात्र `General` होता. B मधल्या काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे चिकटलेल्या बघून, सगळं सारखं दिसावं म्हणून कुणीतरी पूर्ण कॉलम निवडून तो लावला होता. `Ctrl+Shift+~` नेही हेच होतं. डावी-उजवी बाजू हाच खरा इशारा होता. सेलला वेगळी मांडणी दिलेली नसेल तर संख्या उजवीकडे आणि मजकूर डावीकडे बसतो. मजकूर मध्यभागी आणायचं बटण दाबलेल्या कॉलममध्ये हा इशारा पुसला जातो, त्यामुळे तपासणी चालू असेपर्यंत तारखांचे कॉलम मध्यभागी न आणलेलेच बरे.

एकाच कॉलममध्ये दोन जाती कशा आल्या

सीएसव्ही हा नुसता मजकूर असतो. त्यात `03/05/2024` ही अक्षरं असतात, संख्या नसते आणि फॉरमॅटही नसतो. फाइलवर दोनदा क्लिक करून ती उघडली की एक्सेल प्रत्येक तुकडा वाचून ठरवतं की हा आकडा आहे, तारीख आहे की मजकूर. तारीख वाचताना ते संगणकाच्या प्रादेशिक मांडणीचा आधार घेतं. ज्या संगणकावर ही फाइल पहिल्यांदा उघडली आणि वर्कबुक म्हणून जतन केली, तिथे महिना आधी अशी मांडणी होती.

तिथे `03/05/2024` ही तिसऱ्या महिन्याची पाच तारीख ठरली. ५ मार्च म्हणजे 45356. खरी तारीख ३ मे, म्हणजे 45415. एकोणसाठ दिवसांचा फरक पडला आणि एक्सेलने हूं की चूं केलं नाही, कारण त्याच्या लेखी वाचन यशस्वी झालं. `11/04/2024` ची ४ नोव्हेंबर झाली. `05/05/2024` दोन्ही बाजूंनी सारखीच, म्हणून P-05 योगायोगाने बरोबर राहिली.

`18/05/2024` मध्ये मात्र अठरावा महिना शोधावा लागतो. तो नाही, म्हणून एक्सेलने ती अक्षरं जशीच्या तशी मजकूर म्हणून ठेवून दिली. `27/03/2024` चंही तेच.

यातून एक नियम निघतो आणि तोच या प्रकरणाची किल्ली आहे. अशा गोंधळात संख्या झालेल्या प्रत्येक सेलची मूळ तारीख महिन्याच्या १ ते १२ यांपैकी असते, आणि मजकूर राहिलेल्या प्रत्येक सेलची १३ किंवा पुढची. महिन्यातल्या तीसेक दिवसांपैकी बारा पहिल्या गटात पडतात, त्यामुळे मोठ्या यादीत साधारण चाळीस टक्के सेल संख्या झालेल्या आढळतात. इथे `=COUNTA(B2:B61)` चं उत्तर 60 आलं आणि `=COUNT(B2:B61)` चं 24. `COUNT` फक्त संख्या मोजतं, म्हणून चोवीस तारखा आणि छत्तीस मजकूर. प्रमाण जुळतं.

प्रमाण हा संशय झाला. पुराव्यासाठी एका रिकाम्या कॉलममध्ये हा फॉर्म्युला लावला:

```
=IF(ISNUMBER(B2),DAY(B2),"मजकूर")
```

चोवीसच्या चोवीस ओळींत उत्तर १२ किंवा त्याहून कमी आलं. उलटसुलट वाचन झालेलं असेल तर असंच यायला हवं, कारण एक्सेल ज्याला दिवस समजतं तो खरा महिना आहे, आणि महिना बारापलीकडे जात नाही. नीट वाचलेल्या चोवीस तारखांत एकही बारानंतरची नसावी हे जवळजवळ अशक्य आहे.

दुसरा पुरावा भविष्यातल्या तारखांचा. शेवटची तपासणी फाइल काढण्याच्या दिवसानंतर होऊ शकत नाही. म्हणून:

```
=COUNTIF(B2:B61,">"&DATE(2024,6,10))
```

उत्तर शून्य यायला हवं होतं, ते आलं नाही. P-03 ची ४ नोव्हेंबर २०२४ त्यातच सापडली. या फॉर्म्युल्यात `&` ने तारीख मजकुराला जोडली की तिचं `>45453` होतं, आणि इथे नेमकं तेच हवं असतं. हाच `&` सूचनेच्या वाक्यात घात करतो, त्याकडे पुढे येतो.

फक्त फॉरमॅट लावला असता तर

तक्रारीत मागितलेली दुरुस्ती दहा सेकंदांची होती. कॉलम निवडायचा, `Ctrl+1`, `Number` टॅब, `Custom`, आणि चौकटीत `dd/mm/yyyy`. आकडे गेले असते. P-01 ला 05/03/2024 दिसलं असतं, P-02 ला 18/05/2024. सगळा कॉलम एकसारखा, देखणा आणि चुकीचा. आकडे दिसत होते तोवर निदान काहीतरी बिनसलंय हे कळत तरी होतं.

त्याचा परिणाम D कॉलममध्ये किती दूर जातो ते पाहण्यासारखं आहे. P-01 साठी 45356 अधिक 180 म्हणजे 45536, अर्थात १ सप्टेंबर २०२४. खरी मुदत 45415 अधिक 180, म्हणजे 45595, ३० ऑक्टोबर. तपासणी दोन महिने आधी झाली असती, फार नुकसान नाही. P-03 मध्ये मात्र उलटं होतं. 45600 अधिक 180 म्हणजे 45780, ३ मे २०२५. खरी मुदत ८ ऑक्टोबर २०२४ ची होती. ते उपकरण २०७ दिवस मुदत संपलेल्या अवस्थेत वापरात राहिलं असतं आणि नोंदवहीने त्याला सगळं ठीक म्हटलं असतं.

मजकूर असलेल्या ओळींत D ची गंमत वेगळी. `"18/05/2024"+180` असं गणित समोर आलं की एक्सेल आधी मजकुराचा आकडा करून पाहतं. महिना-आधीच्या संगणकावर ते जमत नाही आणि `#VALUE!` येतं. तेच वर्कबुक दिवस-आधीच्या संगणकावर उघडून फॉर्म्युला पुन्हा चालला, तर तोच मजकूर १८ मे म्हणून वाचला जातो आणि 45610, म्हणजे १४ नोव्हेंबर २०२४, हे बरोबर उत्तर येतं. त्यामुळे दोन जण दोन संगणकांवर एकच फाइल बघून «माझ्याकडे चुका दिसतात», «माझ्याकडे तर नाहीत» असं म्हणत राहतात, आणि दोघंही खरं बोलत असतात. संख्या झालेल्या ओळींत असा फरक पडत नाही. त्यांचं वाचन पहिल्या संगणकावर कायमचं गोठलेलं आहे.

याच कारणाने दिवस-आधीच्या संगणकावर सेलमध्ये जाऊन `F2` आणि `Enter` दाबायचा प्रचलित उपाय इथे फसवा आहे. त्याने मजकूर सेल खऱ्या तारखा होतात आणि त्याही बरोबर. पण उलटलेल्या चोवीस तशाच राहतात. आता मात्र सगळा कॉलम संख्यांचा झालेला असतो, आणि कोणत्या ओळी उलट्या आहेत हे सांगणारी खूण पुसली गेलेली असते.

दुरुस्ती

मूळ सीएसव्ही हाताशी असेल तर वर्कबुकमधल्या तारखांना हात लावूच नये, फाइल नव्याने आणावी. `Data` टॅबवर `From Text/CSV` निवडायचं. पूर्वदर्शनाच्या खिडकीत `Load` न दाबता `Transform Data` दाबायचं. उजवीकडच्या `Applied Steps` यादीत `Changed Type` ही पायरी आपोआप आलेली असते, ती आधी काढून टाकायची. ती राहिली तर तारखा याच संगणकाच्या मांडणीने आधीच वाचल्या गेलेल्या असतात आणि पुढची पायरी चुकीच्या मालावर चालते. मग तारखेच्या कॉलमच्या मथळ्यावर उजवं क्लिक, `Change Type`, `Using Locale...`. प्रकार `Date` आणि लोकेल दिवस-आधी असलेला कुठलाही, उदाहरणार्थ `English (India)`. शेवटी `Close & Load`. इथे संगणकाची मांडणी काय आहे याचा संबंधच उरत नाही, कारण कुठल्या क्रमाने वाचायचं ते स्पष्ट सांगितलेलं असतं.

या प्रकरणात मूळ फाइल मिळाली नाही. तिच्यावर नंतरची फाइल लिहिली गेली होती. पण किल्ली हातात होती: संख्या असेल तर दिवस आणि महिना अदलाबदल करायचे, मजकूर असेल तर अक्षरं तोडून तारीख घडवायची. E2 मध्ये:

```
=IF(ISNUMBER(B2),
 DATE(YEAR(B2),DAY(B2),MONTH(B2)),
 DATE(RIGHT(TRIM(B2),4),MID(TRIM(B2),4,2),LEFT(TRIM(B2),2)))
```

`DATE` मध्ये क्रम वर्ष, महिना, दिवस असा असतो, म्हणून संख्येच्या ओळीत मुद्दाम महिन्याच्या जागी `DAY` दिलं आहे. 45356 टाकला की 45415 बाहेर येतो, ३ मे. मजकुराच्या ओळीत शेवटची चार अक्षरं वर्ष, चौथ्यापासून दोन महिना, पहिली दोन दिवस. हे तोडकाम दोन अंकी दिवस आणि दोन अंकी महिना गृहीत धरतं. मूळ प्रणाली शून्य लावून लिहिते म्हणून ते चाललं. `DATEVALUE` वापरणं टाळलं, कारण तेही संगणकाच्या मांडणीवरच अवलंबून असतं आणि आपण त्याच खड्ड्यात परत गेलो असतो.

हा फॉर्म्युला लावण्याआधी एक गोष्ट तपासावीच लागते: फाइल आल्यानंतर कुणी हाताने तारखा भरल्या आहेत का. हाताने नीट भरलेली तारीख उलटवली तर ती बिघडते, आणि `DATE` तक्रार करत नाही. २५ जूनची तारीख उलटवली तर पंचविसावा महिना मागितला जातो. एक्सेल मुकाट्याने दोन वर्षं पुढे जाऊन ६ जानेवारी २०२६ देतं. `DAY` ची वरची चाचणी म्हणूनच महत्त्वाची. एखाद्या ओळीत १३ किंवा जास्त आलं असतं, तर ती ओळ नंतर भरलेली आहे हे कळलं असतं. पहिल्या बारा दिवसांत हाताने भरलेली तारीख मात्र कुठलीच चाचणी ओळखू शकत नाही. ती कागदी नोंदीशीच ताडून पाहावी लागते.

E कॉलम भरल्यावर तो कॉपी करून B वर `Paste Special`, `Values` ने चिकटवला. चिकटवल्याबरोबर पुन्हा सगळे पाच अंकी आकडे दिसले, या वेळी साठच्या साठ ओळींत. हे अपेक्षितच. `Values` फक्त संख्या आणतं, फॉरमॅट मागेच ठेवतं, आणि B अजून `General` च होता. फॉरमॅट लावायची योग्य वेळ ही. आधी `COUNT` चं उत्तर 60 आणि `MAX` चं उत्तर 45453 किंवा त्याखाली आहे हे पाहिलं, मग `Ctrl+1`, `Custom`, `dd-mmm-yyyy`. महिना अक्षरात दिसला की पुढच्या वेळी अदलाबदल झालेली डोळ्यांना लगेच दिसते. 05/03 आणि 03/05 मधला फरक डोळा पकडत नाही. 05-Mar आणि 03-May मधला पकडतो. यादीतल्या ज्या तयार तारीख-फॉरमॅटांपुढे `*` चिन्ह असतं ते संगणकाच्या मांडणीप्रमाणे रूप बदलतात, म्हणून एकाहून अधिक ठिकाणी फिरणाऱ्या वर्कबुकमध्ये ते टाळलेले बरे.

सूचनेतला आकडा

B दुरुस्त झाल्यावर D आपोआप सुधारला. «सूचना» शीटवरचा आकडा मात्र बदलला तरी आकडाच राहिला: «पुढील तपासणी 45595». या शीटवर दोन सेल होत्या. B2 मध्ये उपकरणाच्या क्रमांकावरून तारीख शोधणारा फॉर्म्युला आणि C2 मध्ये वाक्य:

```
=VLOOKUP(A2,'नोंद'!$A$2:$D$61,4,FALSE)
="पुढील तपासणी "&B2
```

`VLOOKUP` सेलमधली किंमत आणतं, तिचा पोशाख आणत नाही. नवी सेल `General` असल्याने B2 मध्ये 45595 दिसणारच. तिथे तारखेचा फॉरमॅट लावला की काम होतं. वाक्याच्या सेलला मात्र कितीही फॉरमॅट लावा, फरक पडत नाही, कारण `&` जोडणी करताना संख्येची नुसती अक्षरं करतं आणि त्यानंतर सेलमध्ये उरतो तो मजकूर. मजकुरावर तारखेचा फॉरमॅट चालत नाही. रूप जोडण्याआधीच द्यावं लागतं:

```
="पुढील तपासणी "&TEXT(B2,"dd-mm-yyyy")
```

`TEXT` चा उपयोग असा शेवटच्या, वाचायच्या वाक्यापुरताच ठेवावा. D कॉलममध्येच `TEXT` लावून तारखा «छान» करण्याचा मोह होतो, पण मग त्या परत मजकूर होतात. त्यांची क्रमवारी दिवसाच्या अंकांवरून लागते आणि मुदतीची तुलना कोलमडते.

«नोंद» शीटच्या D कॉलमला तारखेचा फॉरमॅट लावल्यावर एका नव्या ओळीत 28-06-1900 दिसलं. हे उपकरण नुकतंच आलेलं, त्याची एकही तपासणी झालेली नव्हती, म्हणून B रिकामी होती. रिकामी सेल गणितात शून्य धरली जाते, शून्य अधिक 180 म्हणजे 180, आणि १९०० सालातला एकशे ऐंशीवा दिवस एक्सेलच्या मोजणीत २८ जून येतो. रिकाम्या सेलमधून थेट शून्य आलं असतं तर 00-01-1900 दिसलं असतं. १९०० सालची तारीख दिसली की तारीख शोधायची नाही, रिकामी सेल शोधायची. D मधला फॉर्म्युला असा केला:

```
=IF(B62="","",B62+C62)
```

१९०० च्या आसपासचे दोन खाचखळगे

ही संख्या दुसऱ्या भाषेत किंवा डेटाबेसमध्ये उलगडायची असेल तर १ जानेवारी १९०० पासून मोजून चालत नाही, दोन दिवसांचा फरक पडतो. एक दिवस शून्याऐवजी एकपासून मोजल्यामुळे. दुसरा, एक्सेल २९ फेब्रुवारी १९०० ला 60 हा क्रमांक देतं म्हणून. असा दिवस कधी उजाडलाच नव्हता, कारण १९०० हे लीप वर्ष नाही. ही चूक लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रॅममध्ये होती आणि त्याच्या फायलींशी जुळावं म्हणून एक्सेलने ती तशीच ठेवली. त्यामुळे १ मार्च १९०० नंतरच्या तारखांसाठी ३० डिसेंबर १८९९ मध्ये संख्या मिळवायची, की बरोबर तारीख मिळते.

दुसरा खळगा जुन्या मॅकवर बनलेल्या वर्कबुकांचा. त्यांत मोजणी १ जानेवारी १९०४ ला शून्य धरून होते. ५ मे २०२४ ही तारीख अशा वर्कबुकमध्ये 43955 म्हणून साठते, आणि नुसती संख्या नेहमीच्या वर्कबुकमध्ये आणली की ४ मे २०२० दिसते. फरक नेमका १४६२ दिवसांचा, म्हणजे चार वर्षं आणि एक दिवस. तारखा अशा ठरावीक अंतराने मागे किंवा पुढे सरकलेल्या असतील तर दिवस-महिन्याचा गोंधळ शोधण्यात वेळ घालवू नये. `File`, `Options`, `Advanced` मध्ये `Use 1904 date system` वर खूण आहे का ते दोन्ही वर्कबुकांत पाहावं. ती खूण तिथे काढून टाकणं हा उपाय नव्हे, त्याने त्या वर्कबुकमधल्या सगळ्याच तारखा सरकतात. आणलेल्या संख्यांमध्येच 1462 मिळवावेत.

या नोंदवहीचं वर्कबुक १९०० च्या मोजणीचंच निघालं. शेवटचा बदल एक्सेलमध्ये नव्हे, मूळ प्रणालीत झाला: सीएसव्ही काढताना तारीख `2024-05-18` अशी, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहायची. चार अंकी वर्ष पुढे असलं की एक्सेल ती दोन्ही मांडणींच्या संगणकांवर एकाच प्रकारे वाचतं. तशी फाइल महिना-आधीच्या संगणकावर उघडून पाहिली, तेव्हा `COUNT` चं उत्तर सगळ्या भरलेल्या ओळींइतकं आलं आणि `General` लावल्यावर P-01 मध्ये 45415 दिसला.